सिझरचा हिशेब दहा गटांत: रॉब्सन वर्गीकरणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या रुग्णालयात १०० पैकी ४० डिलिव्हरी सिझरने होतात. हे जास्त आहे का?

नुसत्या ४० या आकड्यावरून सांगता येत नाही. ज्या रुग्णालयात आजूबाजूच्या तालुक्यांतून अडलेल्या बायका, जुळी, कमी दिवसांची बाळं येतात तिथले ४० टक्के वेगळे, आणि जिथे बहुतेक बायका पहिलटकरणी, तरुण आणि निरोगी आहेत तिथले ४० टक्के वेगळे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशाचा दर २१.५ टक्के होता, पण सरकारी संस्थांत १४.३ आणि खाजगीत ४७.४. महाराष्ट्र २५.४ वर होता, गोवा ३९.५ वर. या सरासऱ्यांवरून कोणत्या बाईचं सिझर टाळता आलं असतं हे कळत नाही.

आयर्लंडमधले प्रसूतितज्ज्ञ मायकेल रॉब्सन यांनी २००१ मध्ये मांडलेली पद्धत इथे उपयोगी पडते. सिझर का केलं हे न विचारता ती आधी विचारते, की ही बाई दवाखान्यात आली तेव्हा कशी होती. रुग्णालयातली प्रत्येक डिलिव्हरी, नॉर्मल असो वा सिझर, दहापैकी एकाच गटात बसते. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत सगळीकडे वापरावी असं सुचवलं आणि २०१७ मध्ये तिची अंमलबजावणी पुस्तिका काढली.

कारणांवरून गट का पाडत नाहीत? केसपेपरवर कारण तर लिहिलेलंच असतं.

कारण लिहिणाऱ्यागणिक बदलतं. एकाच बाईच्या सिझरला एक डॉक्टर ‘प्रगती नाही’ लिहितील, दुसरे ‘बाळाचे ठोके कमी’, तिसरे दोन्ही. शिवाय कारण फक्त सिझर झालेल्या बाईचं लिहिलेलं असतं. तशाच परिस्थितीत नॉर्मल झालेल्या बायका किती होत्या हे त्यातून कळत नाही, म्हणजे भागाकारातला खालचा आकडाच हाती नसतो. कारणं पाहायची असतातच, पण गट ठरल्यानंतर, त्या गटाच्या आत.

दहा गट कोणते?

पहिल्या पाच गटांत एकच बाळ, डोकं खाली आणि ३७ आठवडे पूर्ण झालेले, अशाच बायका येतात.

गट १: पहिलटकरीण, कळा आपोआप सुरू.
गट २: पहिलटकरीण, औषध देऊन कळा आणल्या (२अ) किंवा कळा सुरू होण्याआधीच सिझर केलं (२ब).
गट ३: आधी बाळंतपण झालेलं, सिझर झालेलं नाही, कळा आपोआप सुरू.
गट ४: गट ३ सारखीच, पण कळा आणल्या (४अ) किंवा कळांआधी सिझर (४ब).
गट ५: आधी किमान एक सिझर झालेलं. एकच असेल तर ५.१, दोन किंवा जास्त असतील तर ५.२.
गट ६: पहिलटकरीण, पायाळू बाळ.
गट ७: आधी बाळंतपण झालेलं, पायाळू बाळ. आधीचं सिझर असलं तरी इथेच.
गट ८: जुळं, तिळं.
गट ९: एकच बाळ, आडवं किंवा तिरकं.
गट १०: एकच बाळ, डोकं खाली, पण ३७ आठवडे पूर्ण नाहीत. आधीचं सिझर असलं तरी इथेच.

त्यासाठी किती माहिती लिहावी लागते?

सहाच गोष्टी: याआधी किती बाळंतपणं, किती सिझर, आता बाळं किती, बाळ कसं आहे, किती आठवडे पूर्ण, आणि कळा कशा सुरू झाल्या. सातवा रकाना डिलिव्हरी कशी झाली याचा. बहुतेक डिलिव्हरी रजिस्टरांत पहिले पाच रकाने कुठे ना कुठे असतात. ‘कळा कशा सुरू झाल्या’ हा मात्र जवळजवळ कधीच नसतो. रजिस्टरच्या उजव्या कडेला तो लाल पेनने आखून घ्या आणि लेबर रूममधल्या सिस्टरने डिलिव्हरीनंतर लगेच भरावा. महिनाअखेरीला केसपेपर चाळून भरायला बसलं तर निम्मं अंदाजाने भरलं जातं.

एक्सेलमध्ये गट आपोआप निघेल का?

निघेल, पण प्रश्न ठरलेल्या क्रमानेच विचारावे लागतात: आधी बाळांची संख्या, मग आडवं, मग पायाळू, मग आठवडे, मग आधीचं सिझर, आणि शेवटी पहिलटकरीण आहे का व कळा कशा आल्या. A मध्ये आधीची बाळंतपणं, B मध्ये आधीची सिझर, C मध्ये बाळांची संख्या, D मध्ये बाळाची स्थिती (डोकं C, पायाळू B, आडवं किंवा तिरकं T), E मध्ये पूर्ण आठवडे आणि F मध्ये कळा (आपोआप S, आणल्या I, कळांआधी सिझर P) असं भरा.

```
=IF(COUNTBLANK(A2:F2)>0,99,
IFS(C2>1,8, D2="T",9,
D2="B",IF(A2=0,6,7),
E2<37,10, B2>0,5,
A2=0,IF(F2="S",1,2),
TRUE,IF(F2="S",3,4)))
```

सुरुवातीचा `COUNTBLANK` काढून टाकू नका. तो नसेल तर रिकामा रकाना एक्सेल शून्य धरतो. मग आठवडे न लिहिलेली बाई गुपचूप गट १० मध्ये जाते आणि बाळंतपणांची संख्या न लिहिलेली बाई पहिलटकरीण ठरते. अपुरी माहिती ९९ म्हणून वेगळी राहिली पाहिजे आणि तक्त्याखाली तिचा आकडा दिसला पाहिजे. जुळ्यांत D मध्ये पहिल्या बाळाची स्थिती लिहा. ३६ आठवडे ६ दिवस म्हणजे ३६, त्याचे ३७ करायचे नाहीत.

बाई घरूनच कळा घेऊन आली, इथे सलाईनमधून ऑक्सिटोसिन लावलं. गट १ की २?

पहिलटकरीण असेल तर गट १. कळा आपोआप सुरू झाल्या होत्या, औषधाने फक्त वाढवल्या. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण सिस्टरला सलाईनची बाटली दिसते आणि ती ‘कळा आणल्या’ असं लिहिते. अशी शंभर नावं गट २ मध्ये गेली की गट १ चा दरही खोटा आणि गट २ चाही खोटा.

पाणी गेलं होतं, कळा नव्हत्या, म्हणून औषध दिलं तर?

मग कळा आणल्या, पहिलटकरीण असेल तर गट २. आणि सिझरची तारीख ठरलेली होती पण आदल्या रात्री कळा सुरू झाल्या, तर तिथे कळा आपोआप सुरू झाल्या असं धरायचं. पहिलटकरीण असेल तर ती गट १ मध्ये जाते, सिझर झालं तरीही.

दोन गर्भपात झालेली बाई पहिलटकरीण का?

हो. आधी एकही बाळंतपण झालेलं नसेल तर ती पहिलटकरीणच. गर्भारपण कितवं आहे यावर हे ठरत नाही. गर्भपिशवीतली गाठ काढल्याची शस्त्रक्रिया आधीच्या सिझरमध्ये धरत नाहीत. ती शेऱ्यात लिहा.

जुळ्यांतलं एक नॉर्मल झालं आणि दुसऱ्यासाठी सिझर करावं लागलं, मग काय मोजायचं?

एक बाई, एक सिझर, गट ८. मोजणी बायकांची असते, बाळांची नाही.

तक्ता भरला. आता सगळ्यात आधी काय बघायचं?

गट ९. हा तुमच्या नोंदींचा आरसा आहे. आडवी बाळं एक टक्क्याहून कमी असतात आणि त्यांचा सिझर दर १०० टक्के असायला हवा, कारण आडवं बाळ आडवं असताना खालून जन्मत नाही. गट ९ दोन-तीन टक्क्यांवर गेला किंवा त्यात नॉर्मल डिलिव्हरी दिसली, तर ती नावं काढून केसपेपर बघा. बहुतेक वेळा आत तपासणी करताना डोक्याची दिशा ‘ट्रान्सव्हर्स’ लिहिलेली सापडते. डोकं खालीच होतं, फक्त बाळाचं तोंड आईच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला वळलेलं होतं. रजिस्टरमध्ये उतरवणाऱ्याने त्यालाच आडवं बाळ केलं.

मग पायाळूंचे दोन गट मिळून तीन-चार टक्के आहेत का आणि जुळी दीड-दोन टक्के आहेत का हे पाहा. हे आकडे फारच वेगळे असतील तर एक तर नोंदी चुकल्या आहेत, नाही तर तुमच्याकडे बाहेरून पाठवलेले रुग्ण जास्त येतात. दुसरं कारण खरं असेल तर गट १० देखील पाच टक्क्यांच्या पुढे दिसेल.

एखादं उदाहरण पूर्ण करून दाखवाल का?

समजा एका शहरी रुग्णालयात वर्षाला १,००० डिलिव्हरी झाल्या, त्यांतल्या ४०० सिझर. आकडे समजावण्यापुरते आहेत.

| गट | बायका | सिझर | गटाचा दर | एकूण दरातला वाटा |
|---|---|---|---|---|
| १ | २३० | ४६ | २०.० | ४.६ |
| २ | १८० | १०२ | ५६.७ | १०.२ |
| ३ | २२० | ९ | ४.१ | ०.९ |
| ४ | ७० | १९ | २७.१ | १.९ |
| ५ | १७० | १४८ | ८७.१ | १४.८ |
| ६ | २० | १९ | ९५.० | १.९ |
| ७ | १४ | १२ | ८५.७ | १.२ |
| ८ | १६ | ११ | ६८.८ | १.१ |
| ९ | ४ | ४ | १००.० | ०.४ |
| १० | ७६ | ३० | ३९.५ | ३.० |

शेवटचा रकाना म्हणजे गटातली सिझर भागिले सगळ्या १,००० बायका. तो खाली बेरजेला ४० झाला पाहिजे. नजर आधी या रकान्यावर टाकावी, गटाच्या दरावर नाही. गट ६ चा दर ९५ टक्के पाहून धस्स होतं, पण त्याचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी आहे. गट १, २ आणि ५ मिळून २९.६ होतात, म्हणजे ४० मधले जवळजवळ तीन चतुर्थांश. बहुतेक रुग्णालयांत हेच तीन गट मिळून दोन तृतीयांशाच्या आसपास असतात.

या तक्त्यात खटकण्यासारखं काय आहे?

गट १ आणि गट २ यांचं गुणोत्तर. साधारणपणे आपोआप कळा आलेल्या पहिलटकरणी दुसऱ्या गटाच्या दुप्पट किंवा जास्त असतात. इथे २३० ला १८०. म्हणजे जवळजवळ निम्म्या पहिलटकरणींच्या कळांची वाटच पाहिली गेली नाही. सिझरच्या खोलीत जाण्याआधीच, ओपीडीत, निर्णय झालेला होता. या तक्त्यातली सगळ्यात मोलाची ओळ हीच, आणि नुसता ४० टक्के हा आकडा ती कधीच दाखवत नाही.

गट १ मध्ये १० टक्क्यांखाली राहणं शक्य असतं; इथे २० आहे. गट ३ तीन टक्क्यांच्या वर जाऊ नये. तो गेला तर पहिली शंका नोंदींवर घ्या: आधीचं सिझर लिहायचं राहून गेलेल्या बायका तिथे येऊन बसलेल्या असतात.

गट २ मध्ये पुढे काय करायचं?

तो फोडायचा. आपल्या उदाहरणात २अ मध्ये १३० बायका आणि ५२ सिझर, २ब मध्ये ५० बायका आणि अर्थातच ५० सिझर. आता कारणांची वेळ आली. ५० केसपेपर टेबलावर घ्या आणि वाचा. समजा असं निघालं: १४ मध्ये वार खाली असणं किंवा तसंच ठोस वैद्यकीय कारण; ११ मध्ये ‘कटी अरुंद, बाळ मोठं’; ९ मध्ये पाणी कमी, पण सोनोग्राफीत पाण्याचं प्रमाण दाखवणारा एएफआय ६ ते ८; ६ मध्ये मानेभोवती नाळेचा वेढा; ७ मध्ये बाईचा किंवा घरच्यांचा आग्रह; ३ मध्ये काहीच लिहिलेलं नाही.

डोकं खाली असताना कटी अरुंद आहे की नाही हे कळा घेऊन पाहिल्याशिवाय सहसा ठरत नाही. एएफआय ५ च्या वर असेल तर पाणी कमी म्हणत नाहीत. नाळेचा नुसता वेढा हे कळांआधी सिझर करण्याचं कारण नाही. म्हणजे ११, ९, ६ आणि ३ मिळून २९ बायकांना कळांची संधी देता आली असती. आग्रहाची ७ वेगळी ठेवा. त्यांच्याशी वेदनाशमनाबद्दल आणि कळांच्या भीतीबद्दल सातव्या महिन्यातच बोलावं लागतं, नवव्यात फार उशीर झालेला असतो.

मग कळा आणणंच कमी करायचं का?

सरसकट नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अराइव्ह चाचणीत कमी जोखमीच्या पहिलटकरणींना ३९ व्या आठवड्यात कळा आणल्यावर सिझर १८.६ टक्के झाले, वाट पाहिलेल्यांत २२.२. म्हणून नुसता आकडा कमी करण्यापेक्षा तुमच्या २अ मध्ये सिझर कधी झालं ते बघा. ‘कळा आणणं फसलं’ असं लिहिलेल्या पेपरवर तीन गोष्टींची वेळ शोधा: पिशवीचं तोंड मऊ करायचं औषध किंवा फुगा केव्हा दिला, पाणमोट केव्हा फोडली, ऑक्सिटोसिन केव्हा सुरू झालं. आई आणि बाळ ठीक असतील तर पाणमोट फुटल्यावर ऑक्सिटोसिन किमान १२ ते १८ तास दिल्याशिवाय फसलं म्हणू नये असं अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे. आपल्याकडे सकाळी आठला जेल लावलं आणि संध्याकाळी सातला सिझर, असे पेपर हमखास सापडतात. तोंड कठीण असताना सुरुवात आणि अंधार पडायच्या आत शेवट, यात त्या बाईच्या शरीराला वेळच मिळालेला नसतो.

गट १ चा दर कशाने वाढतो?

लवकर भरती करण्याने आणि घाईच्या निदानाने. कळांच्या प्रगतीचा तक्ता, म्हणजे पार्टोग्राफ किंवा २०२० चं लेबर केअर गाइड, काढा आणि सिझरच्या वेळी तोंड किती उघडलं होतं ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार खऱ्या, जोरदार कळांचा टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरायचा, आणि तासाला एक सेंटिमीटर प्रगती झाली नाही एवढ्यावरून सिझर करायचं नाही. ३-४ सेंटिमीटरला ‘प्रगती नाही’ म्हणून झालेली सिझर वेगळी काढा. ती बाई बहुधा अजून त्या टप्प्यात पोचलेलीच नव्हती. तिला घरी पाठवता आलं नाही तरी वॉर्डात फिरायला, खायला-प्यायला देता येतं.

गट ५ सगळ्यात मोठा आहे. सुरुवात तिथून का नाही?

करावी, पण तयारी पाहून. उदाहरणात एकदा सिझर झालेल्या १३५ आणि दोन किंवा जास्त वेळा झालेल्या ३५ बायका आहेत. १३५ पैकी ३० जणींना नॉर्मलचा प्रयत्न करू दिला, २२ जणींना नॉर्मल झाली. प्रयत्न करणाऱ्या बायकांत साधारण चारपैकी तीन जणींना नॉर्मल होते, आणि आधी कधी खालून बाळंतपण झालेलं असेल तर त्याहून जास्त. पण कळा आपोआप आलेल्यांतही साधारण २०० मध्ये एकीची जुनी शिवण उसवते. त्यासाठी रात्री तीनलाही भूलतज्ज्ञ, रक्त आणि ऑपरेशन थिएटर तयार लागतं, सतत बाळाचे ठोके पाहावे लागतात, आणि कळा आणायचं मिसोप्रोस्टॉल हे औषध अजिबात देता येत नाही. एका डॉक्टरच्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ तासाभराने पोचत असतील तर तिथे हा प्रयत्न करू नये. योग्य बाईला तयारी असलेल्या रुग्णालयात पाठवावं. अशी सोय असेल तर या गटाचा दर ५०–६० टक्के ठेवणं योग्य धरलं जातं.

सगळं जमलं तर या रुग्णालयाचा दर किती खाली येईल?

२ब मधल्या त्या २९ जणींना कळांची संधी दिली आणि २अ इतकाच, ४० टक्के, सिझर दर धरला तरी १२ सिझर होतील, १७ वाचतील. घाईत थांबवलेल्या २अ मधून समजा ६, गट १ मधून ५. एकूण २८. गट ५ मध्ये आणखी ३० योग्य जणींना प्रयत्न करू दिला आणि ७० टक्क्यांना नॉर्मल झाली तर २१. एकूण ४९, म्हणजे दर ४० वरून साधारण ३५ टक्क्यांवर येईल. पहिल्याच वर्षी २० टक्क्यांवर येऊ असं कुणी म्हणत असेल तर त्याने तक्ता वाचलेला नाही. मात्र वाचलेल्या त्या २८ पहिलटकरणी पुढच्या बाळंतपणाला गट ५ मध्ये येणार नाहीत, बहुतेक गट ३ किंवा ४ मध्ये येतील. खरा फरक तिथे, तीन-चार वर्षांनी दिसतो.

कोणत्या गटांना हात लावायचा नाही?

९ ला. ६ आणि ७ मध्ये ३७ आठवड्यांनंतर पोटावरून बाळ फिरवायचा प्रयत्न करता येतो. त्यासाठी हात शिकलेला डॉक्टर हवा. ८ आणि १० मध्ये दरावरून वाद घालण्यापेक्षा बाळं कशी निघाली ते पाहा.

दर कमी करण्याच्या नादात बाळांना धोका झाला तर कळणार कसं?

तक्त्याला गटागणिक आणखी रकाने जोडा: पाच मिनिटांचा अपगार ७ पेक्षा कमी, एनआयसीयूत दाखल, मृत जन्म व पहिल्या सात दिवसांतले मृत्यू, आईला रक्तस्राव होऊन रक्त द्यावं लागलं, पिशवी फाटली. गट १ चा दर २० वरून १४ झाला आणि त्याच गटातली एनआयसीयूतली बाळं वाढली, तर थांबून ते पेपर वाचायचे.

आमच्याकडे महिन्याला ४० च डिलिव्हरी होतात. दर महिन्याला तक्ता करायचा का?

नोंद रोज, तक्ता सहा महिन्यांनी किंवा वर्षाने. महिन्याला गट ४ मध्ये दोन-तीन बायका असतील तर एका सिझरने दर ३३ वरून ६७ होतो आणि त्यावरून भांडणं होतात. दर महिन्याला फक्त गट १ आणि २ मधली सिझर काढा आणि प्रत्येक पेपर दोघांनी मिळून वाचा. त्यातला एक ती सिझर न केलेला डॉक्टर असावा, आणि लेबर रूमची सिस्टर त्या टेबलावर असावी, कारण तोंड किती वाजता किती उघडलं हे तिला आठवतं.